जुन्या आवृत्त्यांची किंमत

औरंगपुऱ्यातल्या सेलूकर पुस्तक भांडाराला आग लागली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी पहाटे, मीटरच्या बोर्डापासून. अग्निशमनची गाडी यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात पुढचा जवळजवळ सगळा भाग गेला. लाकडी फळ्या, काउंटर, संगणक, पंचवीस वर्षांपूर्वी हौसेनं करून घेतलेला पितळी अक्षरांचा बोर्ड, आणि छतापर्यंत रचलेली पुस्तकं. कागद जळतो तेव्हा तो एकदम जळत नाही, गठ्ठ्याच्या आत धुमसत राहतो. कालिंदी सकाळी अकरा वाजता पोचली तेव्हाही बंबवाले काठ्यांनी ढीग उलटत होते आणि आतून लाल तोंडं दिसत होती.

मागची खोली मात्र वाचली. मधे विटांची भिंत होती आणि तिला लोखंडी दार होतं. दार तापून काळं झालं, आतल्या भिंतींना धूर बसला, पण तिथली पुस्तकं तशीच राहिली, खाकी कागदात बांधलेली, सुतळी मारलेली, प्रत्येक गठ्ठ्यावर तिच्या नवऱ्याच्या, मुकुंदरावांच्या सुबक अक्षरात नाव लिहिलेली. बघायला जमलेले लोक म्हणत होते, देवानं निम्मं तरी ठेवलं. त्या खोलीत काय आहे ते कालिंदीला चांगलं ठाऊक होतं.

कालिंदी लग्न होऊन या घरात आली तेव्हा नुकतीच अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली होती. नोकरी करायची तिची इच्छा होती, पण सासरे आजारी पडले, मग विश्वजित झाला, मग दुकान वाढलं. शालेय पुस्तकांपासून सुरू झालेलं दुकान मुकुंदरावांनी स्पर्धा परीक्षांकडे वळवलं. पैठणहून, गंगापूरहून, कन्नडहून मुलं एसटीनं यायची, खोल्या करून राहायची, आणि वर्गाच्या पहिल्या दिवशी हातात यादी घेऊन सेलूकरांच्या काउंटरवर उभी राहायची. मुकुंदराव यादी बघून दोन पुस्तकं खोडायचे. "हे नको घेऊ, यात काही नाही. त्याऐवजी हे घे, स्वस्तही आहे." यामुळे धंदा किती वाढला आणि किती बुडाला याचा हिशोब कुणी केला नाही, पण मुलं फौजदार, तलाठी झाली की पेढे घेऊन यायची, हे खरं.

मुकुंदरावांचा एक नेम होता. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुन्या शिल्लक प्रती ते फळीवरून स्वतः उतरवायचे, फडक्यानं पुसायचे, खाकी कागदात बांधायचे आणि मागच्या खोलीत ठेवायचे. त्याला ते 'मागं ठेवणं' म्हणत. रद्दीत द्यायचं नाही. गेल्या सहा-सात वर्षांत अभ्यासक्रम बदलले, परीक्षेची पद्धतच बदलली, पर्याय निवडायच्या प्रश्नांऐवजी मोठी उत्तरं लिहायची आली, आणि मागची खोली भरत गेली. कालिंदीनं एकदा विचारलं होतं, ही पुस्तकं आता कोण घेणार? ते शांतपणे म्हणाले, "पुस्तक जुनं होतं, खराब होत नाही." दसऱ्याला ते पुढच्या दुकानाच्या आधी मागच्या खोलीत फूल वाहायचे.

यात कुणाला त्रास नव्हता. प्रश्न फक्त एकतीस मार्चचा होता. दरवर्षी त्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघं शिल्लक मोजायचे. कालिंदी नाव आणि प्रतींची संख्या वाचायची, मुकुंदराव समोर किंमत लिहायचे. मागच्या खोलीतल्या पुस्तकांपुढेही ते खरेदीचीच किंमत लिहायचे. वाचताना तिचा आवाज तिथं जरा अडखळायचा, पण ती पुढच्या ओळीवर जायची. वर्षाला दीड-दोन लाखांची पुस्तकं मागं जात राहिली आणि कागदावर त्यांची किंमत जशीच्या तशी राहिली. तोच आकडा ताळेबंदात जायचा. त्याच हिशोबानं दर महिन्याला बँकेला मालाचं विवरण जायचं, कारण दुकानावर बँकेची उचल होती आणि जेवढा माल दाखवू तेवढी उचल मिळायची. मुकुंदराव सगळा माल रोखीनं आणायचे, त्यामुळे प्रकाशकांचं देणं नव्हतं. होतं ते बँकेचं, आगीच्या दिवशी वीस लाख.

त्या वीस लाखांवर विश्वजितची सही होती.

गेल्या वर्षी उचल वाढवून घेताना बँकेनं दुसरा जामीनदार मागितला. मुकुंदराव साठीचे झाले होते. विश्वजित पुण्यात नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. तो का-कू करत होता. कालिंदीनंच त्याला फोन करून समजावलं, अरे नुसती सही आहे, तुला कोण मागायला येणार? तो शनिवारी आला, सही केली आणि रविवारच्या बसनं परत गेला. आता तिला झोप लागायची नाही ती यामुळे. दुकान गेलं हे दुःख होतं, पण त्याखाली ही सही काट्यासारखी टोचत होती. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या नावावर बुडीत कर्ज लागलं की पुढे घर नाही, गाडी नाही, कदाचित स्थळही नाही.

विमा होता. बँकेनंच उतरवलेला, पाच वर्षांपूर्वी, पहिल्या उचलीच्या वेळी, अठ्ठावीस लाखांचा. दरवर्षी बँक परस्पर हप्ता कापायची आणि नूतनीकरणाचा कागद पाठवायची. मुकुंदराव तो कागद न उघडता फायलीत लावायचे. अठ्ठावीस लाख हा आकडा दोघांनाही मोठा वाटत होता.

नुकसान मोजायला विमा कंपनीनं नेमलेला सर्वेक्षक आगीनंतर दोन दिवसांनी आला. संघपाल वाहूळ, पंचेचाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं आधी फोटो काढले. पोलिसांचा पंचनामा, अग्निशमनचा दाखला, वीज कंपनीचा अहवाल मागितला. मग मोजणी सुरू केली. पुढच्या राखेत मोजण्यासारखं काही नव्हतं. मागच्या भिंतीच्या कडेच्या रॅकवरची काही पुस्तकं विकण्याजोगी वाचली होती, ती त्यानं एकेक मोजली. मागच्या खोलीत गठ्ठे मोजले, नमुन्याला चार-दोन बाहेरून दाबून प्रतींची संख्या ताडून पाहिली, आणि नाव-संख्या मार्चच्या यादीशी जुळतेय एवढं बघून टिका मारल्या. गठ्ठ्यांवर पुस्तकाचं नाव होतं, आवृत्तीचं साल नव्हतं. कालिंदी दाराशी उभी होती. मुकुंदराव बाहेर फुटपाथवर खुर्चीत बसून होते.

"जळलं काय ते जळलेल्यावरून कळत नाही, ताई," वाहूळ म्हणाला. "आगीच्या दिवशी एकूण माल किती होता ते आधी कागदावरून काढायचं. त्यातून वाचलेला वजा. उरलं ते नुकसान."

कागद मिळवायला कालिंदीला तीन आठवडे लागले. छापील पुस्तकांवर जीएसटी नसल्यानं खरेदी सरकारी पोर्टलवर सापडायची सोय नव्हती. संगणक वितळला होता. हिशोबनीसाकडे मार्चपर्यंतचंच होतं. तिनं पुण्याच्या, नागपूरच्या वितरकांना फोन केले, त्यांच्याकडून खात्यांचे उतारे मागवले, ट्रान्सपोर्टवाल्याकडून पावत्यांच्या प्रती आणल्या. विक्रीसाठी बँकेतला भरणा आणि मोबाइलवर आलेल्या पैशांची यादी. एका वितरकाचा माणूस म्हणाला, काकू, तुम्ही दुकान बघत असता तर बिलांची एक प्रत घरीही राहिली असती. ती हसली नाही, पण तिला बरं वाटलं.

सप्टेंबरच्या अखेरीस वाहूळ घरी आला. जेवणाच्या टेबलावर त्यानं कागद पसरले आणि पेन्सिलीनं एक-एक आकडा दाखवत गेला. एकतीस मार्चची शिल्लक अडतीस लाख. त्यात एप्रिलपासून आगीपर्यंतची खरेदी, वीस लाख चाळीस हजार. याच काळातली विक्री वीस लाख. मागच्या तीन वर्षांचा नफा बघितला तर शंभराला अठरा पडतो, म्हणजे विकलेल्या मालाची मूळ किंमत सोळा लाख चाळीस हजार. ती वजा केली की आगीच्या रात्री दुकानात बेचाळीस लाखांचा माल होता.

"वाचलेला अठरा लाखांचा. त्यात मागच्या खोलीतला साडेदहा. म्हणजे नुकसान चोवीस लाख."

विम्याची रक्कम अठ्ठावीस, नुकसान चोवीस. मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडा रंग आला. कालिंदीनं मनात चोवीसातून वीस वजा करूनही टाकले.

वाहूळनं पेन्सिल खाली ठेवली नाही. "पण विमा अठ्ठावीसचाच आहे. माल बेचाळीसचा. पॉलिसीत अॅव्हरेजचं कलम असतं. मालाच्या दोन तृतीयांश रकमेचाच विमा तुम्ही घेतला, तर उरलेल्या एक तृतीयांशाचा धोका तुम्ही स्वतःकडे ठेवला, असं कंपनी धरते. मग नुकसानही त्याच हिशोबात वाटून घ्यायचं. चोवीसचे दोन तृतीयांश. सोळा लाख."

"पण जळालं तर अठ्ठावीसच्या आतच," मुकुंदराव म्हणाले.

"सगळ्यांना तसंच वाटतं, काका. कमी माल जळाला म्हणून पूर्ण मिळत नाही. एकूण मालाच्या मानानं विमा किती, ते बघतात." त्यानं पॉलिसीचं पान पुढे सरकवलं. "थोडीफार तूट चालवून घेतात. मालाच्या किमतीच्या शंभरात पंधरापर्यंत विमा कमी असला तर तुमच्या या पॉलिसीत कापत नाहीत. तुमची तूट तेहेतीस आहे. त्या पलीकडे गेली की मग पूर्ण तेहेतीसचीच कात्री लागते."

सोळातून विमा कंपनीची शंभराला पाचची ठरलेली कपात गेली की साधारण सव्वापंधरा. बँकेचे वीस आणि वर चढणारं व्याज. पैसे थेट बँकेकडेच जाणार होते, पॉलिसीवर बँकेचं नाव होतं. म्हणजे पाच-सहा लाख उरणार, आणि ते भरायला ना दुकान, ना धंदा. कालिंदी चहा करायला आत गेली. तिनं गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि दूध न घालता बराच वेळ तशीच उभी राहिली. अडतीस लाख हा आकडा तिनं स्वतः वाचून लिहायला लावला होता. पैकी दहा लाख कुठून आले ते तिला ठाऊक होतं.

वाहूळ गेल्यावर तिनं विषय काढला. मागच्या खोलीतल्या पुस्तकांना विकाऊ माल म्हणूनच धरलं तर बेचाळीस. रद्दीच्या भावात धरलं तर बत्तीस. अठ्ठावीसला बत्तीसनं भागलं तर तूट साडेबाराची, पंधराच्या आतली. मग कात्री लागणार नाही, पूर्ण चोवीस मिळतील. हे तिनं चहा करतानाच मनात मांडलं होतं.

मुकुंदराव म्हणाले की बँकेला दर महिन्याला तोच माल दाखवलाय, आता तो रद्दी होता म्हटलं तर बँक म्हणेल खोटं विवरण दिलं. उचल पुन्हा कधी मिळणार नाही. तिनं विचारलं, सोळा लाख घेऊन उचल मिळणार आहे का? त्यावर त्यांचा आवाज चढला, आणि आयुष्यात ते तिच्यावर फार वेळा ओरडले नव्हते.

"तीस वर्षं मी काय केलं मग? रद्दी सांभाळली? असं लिहून देऊ? सहीनिशी?"

"लिहून द्या," ती म्हणाली. "बँकेच्या कागदावर विश्वजितची सही आहे. तुम्ही तिच्याकडे बघा, या सहीकडे नको."

ते उठून गॅलरीत गेले. तिला वाटलं आपण फार टोचून बोललो. पण पाठोपाठ जाऊन समजूत घालावी असंही तिला वाटलं नाही. इतकी वर्षं ओळ वाचताना ती गप्प राहिली होती, तेव्हा बोलायचं होतं. आता बोलून त्यांच्या हातात राग सोडून काय येणार होतं? रात्री विश्वजितचा फोन आला. कसं चाललंय, त्यानं विचारलं. ती म्हणाली, चाललंय, तू जेवलास का. पलीकडून तो म्हणाला, "आई, बँकेतून मला पण फोन आला होता. मी म्हटलं बाबांशी बोला." त्याचा आवाज साधाच होता, तक्रारीचा नव्हता. ती फोन ठेवून पलंगावर बसली. तक्रार केली असती तर सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी मुकुंदरावांनी स्वतःच वाहूळला फोन लावला आणि म्हणाले, मागच्या खोलीत या, तिथल्या जुन्या आवृत्त्या दाखवायच्या आहेत.

कालिंदीनं शहागंजातल्या मोतीराम रद्दीवाल्यालाही बोलावलं होतं. वाहूळनंच फोनवर सांगितलं होतं की नुसतं म्हणून चालणार नाही, भाव लेखी लागेल. मोतीराम आला, खोलीभर नजर फिरवली, आणि सुरुवातीला त्याला वाटलं सगळं न्यायचंय. "एवढा माल? लई झालं की, सेठ. टेंपो लागंल." त्यानं एक गठ्ठा उचलून हातातच तोलला. "ह्यो पुस्तकाचा कागद हाय, चांगला. पण जळक्याचा वास लागलाय, किलोला सतराच्या वर नाय जायचं." मुकुंदराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

वाहूळनं गठ्ठा सोडला. आतलं पुस्तक नव्यासारखं होतं, पान न पान कोरं. पहिल्या पानावरचं आवृत्तीचं साल त्यानं वाचलं, मग दुसरा गठ्ठा, मग तिसरा. सहा वर्षं जुनं, चार वर्षं जुनं, गेल्याच्या गेल्या वर्षीचं. तो बाकावर बसला. "काका, हे मी पहिल्यांदाच उघडून बघायला हवं होतं," एवढंच म्हणाला. मग त्यानं सांगितलं की मार्चची यादी काकांच्याच सहीची आहे, त्यामुळे तिच्या विरुद्ध धरायचं तर पुरावा भक्कम लागेल. प्रत्येक पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं खरेदीचं बिल, म्हणजे जुनी केव्हापासून बाद झाली ते कळेल. त्यानंतर जुन्या आवृत्तीची एकही विक्री नाही, हे जिथून जमेल तिथून. जुन्या प्रती परत घेत नाही असं प्रकाशकांचं पत्र. आणि मोतीरामचा सही-शिक्क्याचा भाव.

मोतीरामनं शिक्का नाही म्हटल्यावर वाहूळ पहिल्यांदा हसला. "मग पावतीपुस्तक तरी असेल?"

"हाय ना. पर ते कधी वापरलं नाय. नवं कोरंच हाय."

कालिंदीलाही हसू आलं आणि लगेच गेलं.

वाहूळ वहीत आकडे मांडत होता. साडेदहा लाखांची पुस्तकं, रद्दीच्या भावानं पन्नास हजार. एकूण माल बेचाळीसवरून बत्तीसवर. नुकसान तेच, चोवीस. कात्री नाही. तो कंपनीला तशी शिफारस करू शकत होता, निर्णय कंपनीचा. कालिंदीनं हिशोब केला. कपात जाऊन पावणेतेवीसच्या आसपास. बँकेचं व्याजासकट फिटून दीड-दोन लाख उरतील. चार रॅक, एक टेबल, थोडा माल. छोटं दुकान, पण दुकान.

वाहूळनं वही मिटता मिटता विचारलं, "एक राहिलं. पुढच्या जळलेल्या भागात जुन्या आवृत्त्या होत्या का?"

पुढे राख होती. ती राख महापालिकेच्या ट्रॅक्टरनं नेऊनही महिना झाला होता. तिथं काय होतं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. कालिंदीच्या ओठांवर 'नाही' हा शब्द तयार होता. तिनं तो बोलायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मुकुंदरावांचा आवाज आला.

"होत्या. काउंटरच्या मागं खालच्या दोन फळ्या. मागं जागा उरली नव्हती म्हणून पुढंच ठेवल्या होत्या. दोन लाखांच्या असतील."

मोतीराम सुतळी गुंडाळायचा थांबला.

"ते तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," वाहूळ म्हणाला.

"मागचं रद्दी म्हणायचं आणि पुढच्या त्याच पुस्तकांचे पूर्ण पैसे मागायचे, हे मला नाही जमायचं," मुकुंदराव म्हणाले. "एकदा लिहून द्यायचं तर सगळंच लिहून देतो."

वाहूळनं वही पुन्हा उघडली. जळलेल्या त्या दोन लाखांचेही दहा हजार धरले. एक लाख नव्वद हजार दोन्हीकडून गेले, एकूण मालातून आणि नुकसानीतून. माल तीस लाख दहा हजार. नुकसान बावीस लाख दहा हजार. त्यानं आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कालिंदीकडे न बघता वही बॅगेत घातली.

घरी येताना रिक्षात तिला मुकुंदरावांचा इतका राग आला होता की तिनं खांदा आखडून घेतला. दोन लाख. तेवढ्यात तर दुकान पुन्हा उभं राहत होतं. पण तिला हेही कळत होतं की राग त्यांच्यावर आहे तसाच स्वतःवर आहे, कारण तिचं उत्तर तयार होतं आणि ते किती सहज तयार झालं होतं. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. मुकुंदराव म्हणाले, "विश्वजितचं फिटेल ना?" ती म्हणाली, "फिटेल."

ती यादी नव्यानं लिहायला पंधरा दिवस लागले. तीनशे बारा पुस्तकं. प्रत्येकापुढे आवृत्तीचं साल, नवी आवृत्ती कधी आली ते, आणि शेवटच्या रकान्यात 'विक्रीयोग्य नाही'. पूर्वीसारखीच कालिंदी वाचायची आणि मुकुंदराव लिहायचे. पहिले दोन दिवस ते रकाना भरताना थांबायचे. एकदा म्हणाले, हे आपल्या पैठणच्या मुलानं सगळं पाठ केलं होतं, उपजिल्हाधिकारी झाला. ती म्हणाली, हो, पुढं घ्या. तिसऱ्या दिवसापासून ते थांबेनासे झाले. तिला ते थांबणं बरं होतं असं वाटू लागलं. शेवटी प्रत्येक पानावर सही. सत्तावीस पानं.

विमा कंपनीनं दोनदा शंका काढल्या. तुमच्याच मार्चच्या यादीत पूर्ण किंमत कशी, असं लेखी विचारलं. मुकुंदरावांनी लेखी उत्तर दिलं की ती माझी चूक होती, जुन्या आवृत्त्यांची किंमत कमी करायची असते हे मी कधीच केलं नाही. उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं, कालिंदीला दाखवलं नाही. तिला ते पाठवल्यानंतर प्रत वाचून कळलं. खाली नेहमीची वळणदार सही होती, फक्त जरा लहान.

जानेवारीच्या मध्याला पैसे बँकेत जमा झाले. कपात जाऊन एकवीस लाखांना थोडे कमी. तोवर चढलेल्या व्याजामुळे काही हजार कमी पडत होते, ते कालिंदीनं तिच्या नावची ठेव मोडून भरले. बँकेच्या व्यवस्थापिकेनं दोघांना समोर बसवलं. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत त्यांच्याकडे आली होती. मालाच्या विवरणांबद्दल त्या फार बोलल्या नाहीत, खातं पूर्ण फिटलंय म्हणून पुढे काही करणार नाही, एवढं सांगितलं. नवीन उचलीचं मुकुंदरावांनी विचारलंही नाही. व्यवस्थापिकेनंच मग हळूच सांगितलं की सध्या या शाखेतून शक्य होणार नाही, सर.

विश्वजितच्या जामिनाचा मुक्ततेचा कागद आठ दिवसांनी मिळाला. कालिंदीनं त्याचा फोटो काढून त्याला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला, आणि थोड्या वेळानं 'बाबा कसे आहेत' असं विचारलं. तिनं लिहिलं, बरे आहेत. मग तिनं मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, कपाटात सर्वांत खाली ठेवला, आणि पुन्हा काढून त्यावरचं नाव बरोबर आहे ना ते बघितलं. नाव बरोबर होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती त्या रात्री सलग झोपली, आणि सकाळी उठल्यावर तिला त्याची लाज वाटली, कारण शेजारी मुकुंदराव जागेच होते आणि केव्हापासून जागे होते ते त्यांनी सांगितलं नाही.

भाड्याचा गाळा महिनाअखेर सोडायचा होता. मागच्या भिंतीच्या रॅकवरची वाचलेली पुस्तकं दुसऱ्या एका दुकानदारानं निम्म्या भावानं नेली; ते पैसे थकलेल्या भाड्यात आणि जळक्या गाळ्याच्या भरपाईत गेले. मोतीरामच्या टेंपोच्या दोन खेपा झाल्या. त्यानं काट्यावर घालून सतराचाच भाव दिला, वास थोडा कमी झाला होता तरी वाढवला नाही, आणि मुकुंदरावांनी मागितलाही नाही. ते प्रत्येक गठ्ठा दारापर्यंत स्वतः आणून देत होते. मोतीराम म्हणत होता, सेठ तुम्ही बसा, माणसं हायत. ते बसले नाहीत. सगळं गेल्यावर खोलीत भिंतीवर गठ्ठ्यांच्या उंचीपर्यंत पांढरा चुना आणि वर काजळी, अशी सरळ रेघ दिसत होती.

"आता काय करायचं?" मुकुंदरावांनी विचारलं. प्रश्न खोलीला होता की तिला, हे तिला कळलं नाही.

तिला उत्तर द्यायचं होतं. शिकवणीच्या वर्गांतून मुलांना पुस्तकं पुरवता येतील, घरूनच, थोड्या भांडवलात, असं काहीतरी तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. पण एकसष्ट वर्षांचा माणूस रिकाम्या खोलीत हात झटकत उभा होता आणि त्याच्या सदऱ्यावर सुतळीचे तुकडे चिकटले होते, ते बघून तिला ते बोलवेना. तिनं लोखंडी दार ओढलं. ते आगीत वाकल्यापासून नीट लागत नव्हतं. दोघांनी मिळून खांद्यानं रेटलं तेव्हा कडी बसली. किल्ली मालकाच्या माणसाकडे द्यायची होती. तो समोरच्या चहावाल्याकडे बसून वाट बघत होता, आणि उशीर झाला म्हणून जरा चिडलेला होता.